आठ वर्षं गप्प राहिल्यावर: दत्तक मुलीला तिच्या जन्माचं खरं कसं सांगायचं

दत्तक मूल घरी येतं तेव्हा संस्थेच्या समाजसेविका बजावून सांगतात, "तान्हेपणापासून सांगत राहा." आईबाबा मान डोलावतात. मग मूल चालायला लागतं, बोलायला लागतं, बालवाडीत जातं आणि "अजून लहान आहे, पुढच्या वर्षी सांगू" म्हणता म्हणता तिसरीत पोचतं. यात फसवायचा हेतू नसतो. मुलाला लागेल, ते आपल्यापासून तुटेल, ही भीती असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच सांगायचंय आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, अशा घरांसाठी हे लिहिलं आहे.

बोलणं नेमकं राहावं म्हणून एक घर डोळ्यांसमोर ठेवू. समजा, मुलुंडच्या एका सोसायटीत राहणारं कुटुंब आहे: आई, बाबा, बाबांची आई आणि साडेआठ वर्षांची मुलगी. मुलगी पाच-सहा दिवसांची असताना रेल्वे स्टेशनवर सापडली, सात महिन्यांची असताना या घरी आली. तिला काही माहीत नाही. चार वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "मी तुझ्या पोटात असताना लाथा मारायचे का गं?" आणि आईने हसून "हो, खूप!" असं उत्तर दिलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

आठ वर्षं हे वय अवघड का, ते आधी समजून घेऊ. डेव्हिड ब्रॉडझिन्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात वेगवेगळ्या वयाच्या मुलांशी बोलून दत्तक म्हणजे त्यांना नेमकं काय समजतं, याचा अभ्यास केला. चार-पाच वर्षांचं मूल "मी दत्तक आहे" असं आनंदाने म्हणतं, पण त्याला त्या शब्दाचा अर्थ उमगलेला नसतो. सात-आठच्या पुढे मूल त्या वाक्याची दुसरी बाजू स्वतःच शोधतं: यांनी मला घेतलं, म्हणजे त्याआधी कोणीतरी मला सोडलं. लहानपणापासून ऐकत आलेलं मूल शब्दाशी आधीच ओळख झाल्यावर या दुसऱ्या बाजूपाशी पोचतं. आठव्या वर्षी पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलावर दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येतात. शिवाय तिसरी एक असतेच: इतकी वर्षं मला खोटं सांगितलं.

"मग अजून थांबलो तर? अठराव्या वर्षी, समज आल्यावर?" हा प्रश्न हमखास येतो. थांबणं तुमच्या हातात असतं तर त्यावर विचार करता आला असता, पण ते तुमच्या हातात नाही. मूल घरी आलं तेव्हा सोसायटीने पेढे खाल्ले होते. पोट न दिसता पाळणा हलला, हे मजल्यावरच्या प्रत्येक बाईला आठवतं. लग्नाच्या हॉलवर एखादी दूरची मावशी मुलीच्या गालावरून हात फिरवते आणि म्हणते, "नशीब काढलंस हो पोरी." दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा येतो. आई आणि बाबा दोघांचाही रक्तगट ओ असेल आणि मुलीचा बी, तर पुस्तकातल्या माहितीवरून कोणतीही हुशार मुलगी काय ते ओळखते. डॉक्टर "घरात कोणाला थायरॉइड, मधुमेह?" असं विचारतात आणि आईबाबा एकमेकांकडे बघतात. मुलीला कधी ना कधी कळणारच. तुम्ही फक्त कोणाच्या तोंडून कळेल, तेवढं ठरवू शकता.

तरीही जपण्याची इच्छा चुकीची नाही. आठ वर्षांच्या मुलीला फाइलमधलं सगळं एका बैठकीत वाचून दाखवणं हा प्रामाणिकपणा नव्हे. ती निर्दयता आहे. जपायचं ते मापाने आणि वेगाने. खोटं बोलून जपता येत नाही. प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावा: आज जे सांगतोय ते ती बाराची, सोळाची, अठराची झाल्यावर मागे घ्यावं लागेल का? कमी सांगितलेलं पुढे वाढवता येतं. खोटं सांगितलेलं मागे घ्यावं लागतं आणि प्रत्येक माघारीबरोबर आधीची खरी वाक्यंही संशयात सापडतात.

आधी फाइल बाहेर काढा

मुलीशी बोलण्याआधी किमान तीन आठवडे दोघांनी एकत्र बसून दत्तकाची फाइल पहिल्या पानापासून वाचावी. बहुतेक घरांत ती आदेश मिळाला त्या दिवशी कपाटात जाते, ती पुन्हा उघडली जात नाही. आईला एक आठवतं, बाबांना दुसरं, आणि मुलीसमोर दोघं दोन गोष्टी सांगतात. हा घोळ अगदी नेहमीचा आहे.

फाइलमध्ये साधारण काय असतं? चाइल्ड स्टडी रिपोर्ट, म्हणजे मूल संस्थेत कधी, कुठून, कोणामार्फत आलं, काय खायचं, कसं झोपायचं याची नोंद. वैद्यकीय तपासणीचा अहवाल. मूल दत्तक देण्यास कायद्याने मोकळं आहे, असा बालकल्याण समितीचा आदेश. आणि शेवटी दत्तकाचा आदेश: जुन्या प्रकरणांत न्यायालयाचा, 2022 च्या नियमांनंतरच्या प्रकरणांत जिल्हाधिकाऱ्यांचा.

एक कोरी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: पक्कं माहीत, अंदाज, माहीत नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं पान असं भरेल. पक्कं माहीत: अमुक तारखेला पहाटे स्टेशनच्या महिला प्रतीक्षालयात सापडली, महिला पोलिसाने उचलून रुग्णालयात नेलं, तिथून बालकल्याण समितीच्या आदेशाने संस्थेत आली, पालकांचा शोध घेण्यासाठी फोटोसह वर्तमानपत्रात सूचना छापली, कोणी आलं नाही, सात महिन्यांची असताना या घरी आली. अंदाज: सापडली तेव्हाचं वय पाच-सहा दिवस, कारण नाळेचा भाग अजून पडला नव्हता. माहीत नाही: जन्म देणारी आई कोण, तिचं वय, तिची परिस्थिती, तिने मूल का ठेवलं, तिने स्वतः ठेवलं की आणखी कोणी.

आता दुसरा रकाना पुन्हा वाचा. वय अंदाजाने ठरलं, म्हणजे जन्मतारीखही अंदाजानेच ठरली. सापडलेल्या बाळाची जन्मतारीख डॉक्टरांनी तपासून ठरवलेल्या वयावरून लिहिली जाते. घरात आठ वाढदिवस थाटात झाले आणि हे कोणाच्या लक्षातही नव्हतं, असं होतं. ते आत्ता लक्षात आलं तर बरं, कारण मुलगी वाढदिवसाबद्दल विचारणारच आहे.

ज्या घरांत मूल सापडलेलं नसून जन्मदात्या आईने किंवा आईवडिलांनी रीतसर समितीसमोर सोपवलेलं असतं, तिथे पहिला रकाना मोठा असतो. सोपवणाऱ्याला विचार बदलायला कायद्याने साठ दिवस मिळतात. ते साठ दिवस उलटून गेले, ही नोंदही वहीत घ्या. पुढे कधीतरी ती मुलाला महत्त्वाची वाटते.

अहवालात काही तुटक वाटलं तर संस्थेला फोन करून समाजसेविकेची वेळ मागा. बाळाला सांभाळणाऱ्या मावशी अजून तिथे आहेत का, ते विचारा. बाळाचं नाव कोणी ठेवलं, पहिला फोटो आहे का, अंगावरचं दुपटं ठेवलंय का. ज्या मुलीच्या आयुष्याचे पहिले सात महिने कोरे आहेत, तिला "तुला खिमट आवडायचं आणि पंखा बंद केला की तू रडायचीस" हे एक वाक्यही फार मोलाचं असतं.

कोणाकोणाला माहीत आहे

वहीच्या दुसऱ्या पानावर नावं लिहा. आजी, दोन काका, मामा-मामी, शेजारच्या दोन घरांतल्या बायका, कामाच्या मावशी, मुलांचे डॉक्टर, आईच्या ऑफिसातल्या मैत्रिणी. यादी वीसच्या पुढे जाते तेव्हा आपण गुपित राखतोय, हा समज गळून पडतो. यादीत मुलीच्या वयाच्या मुलांचे आईबाप किती, त्यावर खूण करा. बहुतेकदा गोष्ट तिथूनच फुटते. मोठी माणसं स्वयंपाकघरात बोलतात, मुलं बाहेरच्या खोलीत ऐकतात आणि खाली खेळताना भांडण झालं की बोलून मोकळी होतात.

घरातल्या आजीशी बोलणं वेगळं करावं लागतं. आजी म्हणेल, "कशाला उकरून काढता? पोर माझीच आहे." तिच्या या वाक्यात प्रेम आहे आणि ते तिला बोलूनही दाखवा. पण तिची परवानगी मागू नका. तिला दिवस सांगा आणि एक काम द्या. मुलगी आजीकडे येऊन "आजी, तुला माहीत होतं?" असं विचारेल. तेव्हा "हो बाळा, माहीत होतं. तू आलीस त्या दिवशी मीच तुला ओवाळलं होतं," एवढंच म्हणायचं. आजीने रडत "तू आमचीच गं, कोण म्हणतं परकी?" असा हंबरडा फोडला तर मुलीला त्यातून वेगळंच कळतं: काहीतरी भयंकर झालंय आणि आजीला सांभाळायला हवं. मग ती प्रश्न विचारणं थांबवते.

कोणते शब्द, कोणत्या गोष्टी

"दत्तक" हा शब्द घरात सरळ वापरा. मात्र मुंबईतल्या मुलाने तो आधी कुठे ऐकलाय, याचा विचार करा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघ, बिबट्या वर्षभरासाठी दत्तक देतात. वर्ष संपलं की करार संपतो. मुलं हे शाळेत ऐकतात, वर्तमानपत्रात वाचतात. "मग माझं वर्ष कधी संपतं?" हा प्रश्न मुलीच्या मनात आला तर ती तो विचारेलच असं नाही. म्हणून तिने विचारायच्या आधीच सांगा: माणसाच्या मुलाचं दत्तक कायमचं असतं, सरकारी आदेश निघतो आणि तो आईबाबांनाही आपल्या मनाने मोडता येत नाही.

"टाकून दिलं" म्हणू नका. फाइलमध्ये तसा शब्द असला तरी नाही. "ठेवून गेलं" म्हणा. "खरी आई" कोणाहीबद्दल म्हणू नका. "जन्म देणारी आई" म्हणा. "आम्ही तुला निवडलं" हे वाक्य गोड वाटतं, पण ते खरंही नाही आणि सोयीचंही नाही. आता केअरिंग्ज या सरकारी संकेतस्थळावरून क्रमाने एका बाळाची माहिती येते आणि अठ्ठेचाळीस तासांत हो किंवा नाही कळवायचं असतं. रांगेतून कोणी बाळ उचलत नाही. आणि जिला निवडलं तिला आपण निवडीला उतरलं पाहिजे, असं ओझं येतं. आज निवडलं, उद्या नको म्हटलं तर?

"आई देवाघरी गेली" हे सर्वांत वाईट खोटं. मुलगी तिच्यासाठी शोक करते आणि पुढे ती आई जिवंत असू शकते हे कळलं की तो शोकही फसवलेला ठरतो. "तिचं तुझ्यावर खूप प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं" हेही टाळा. ते आपल्याला माहीत नाही आणि मुलगी त्यातून साधा हिशेब मांडते: ज्यांचं प्रेम असतं ते सोडून देतात, आणि आई, तुझंही माझ्यावर प्रेम आहे. "ती गरीब होती" असं पुराव्याशिवाय सांगितलं तर बाबांची नोकरी गेलेल्या महिन्यात मुलगी रात्री जागी राहते.

आपल्याकडे यशोदेची गोष्ट हाताशी असते आणि ती उपयोगी आहे. देवकीने जन्म दिला, यशोदेने वाढवलं, कृष्ण दोघींचा. फक्त ती पूर्ण ऐकलेल्या मुलीला पुढचा भागही माहीत असतो: कृष्ण मथुरेला जातो आणि यशोदा मागे राहते. "मलाही जावं लागेल?" तेव्हा गोष्ट सांगायचीच असेल तर लगेच पुढचं वाक्य जोडा: "तुला कुठेही जायचं नाही." कर्णाची गोष्ट या वयात काढू नका. नदीत सोडलेली पेटी, आयुष्यभराचा अपमान आणि शेवटी युद्धाआधी भेटणारी आई, हे सगळं आठ वर्षांच्या मुलीला सोबत म्हणून द्यायचं नसतं.

दिवस आणि दहा मिनिटं

वाढदिवस, गणपती, परीक्षेचा आठवडा, गावी जायच्या आदली रात्र: हे दिवस नकोत. सणाला ती आठवण कायमची चिकटते. झोपायच्या वेळी सांगितलं तर ती अंधारात एकटीच त्याचा विचार करत राहते. मे महिन्याच्या सुट्टीतला पहिला शनिवार चांगला, सकाळी नाश्ता झाल्यावर. पुढे दोन दिवस दोघंही घरी असावेत आणि पुढचे काही आठवडे शाळा नसावी, म्हणजे ताजी गोष्ट घेऊन तिला वर्गात बसावं लागत नाही. पाहुणे नकोत, फोन दुसऱ्या खोलीत. आजी घरात असावी, पण बैठकीत नको.

बोलणं दहा मिनिटांपेक्षा लांबवू नका. काय म्हणायचं ते आईबाबांनी आधी मोठ्याने बोलून बघावं. निदान तीन वेळा. पहिल्या वेळी आवाज फुटतो, तो एकमेकांसमोर फुटलेला बरा. आपल्या उदाहरणातल्या घरात ते असं होऊ शकतं. आई बोलते:

"तुला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. कोणी आजारी नाही, कोणी कुठे जाणार नाहीये. सगळी बाळं कोणाच्या तरी पोटातून जन्मतात. तूही तशीच जन्मलीस, पण माझ्या पोटातून नाही. दुसऱ्या एका बाईने तुला जन्म दिला. ती कोण, ते आम्हाला माहीत नाही. तू अगदी काही दिवसांची असताना स्टेशनवर सापडलीस. एका पोलीसमावशींनी तुला उचलून डॉक्टरांकडे नेलं. मग तू लहान बाळांच्या एका घरात राहिलीस आणि सात महिन्यांची झालीस तेव्हा आपल्या घरी आलीस. याला दत्तक म्हणतात. हे कायमचं असतं."

मग थांबायचं. मनात वीस आकडे मोजायचे. मुलगी काही बोलली तर त्याला उत्तर. नाही बोलली तर दुसरा भाग, आणि उशिरा सांगणाऱ्या घरांसाठी तोच जास्त महत्त्वाचा:

"हे तुला आम्ही खूप आधी सांगायला हवं होतं. आम्हाला भीती वाटली म्हणून सांगितलं नाही. ती चूक आमची आहे, तुझी नाही. आणि तू लहान असताना मला विचारलं होतंस, पोटात लाथा मारायचे का. मी हो म्हटलं होतं. ते खरं नव्हतं."

नेमकं ते खोटं नाव घेऊन मागे घ्यायला हवं. मुलं अशी वाक्यं विसरत नाहीत. "आमचं चुकलं" एवढं मोघम म्हटलं तर आणखी कायकाय खोटं होतं, हे शोधायचं काम तिच्यावर पडतं. एक खोटं तुम्ही स्वतःहून उघड केलंत की बाकीचं खरं मानायला तिला आधार मिळतो.

जवळजवळ ठरलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं दोघांनी आधी ठरवून ठेवावीत. "तिने मला का ठेवलं?" "माहीत नाही. आम्हालाही खूपदा वाटतं की कळायला हवं होतं. एवढं नक्की, की तू काही केलं नव्हतंस. बाळ काही करूच शकत नाही." "ती मला न्यायला आली तर?" "तुला कोणी नेऊ शकत नाही. कायद्याने तू आमची मुलगी आहेस." "मग माझा वाढदिवस खोटा?" "डॉक्टरांनी तुला तपासून तो दिवस ठरवला. एक-दोन दिवस पुढेमागे असेल. तू जन्मलीस हे खरं आहे आणि तो दिवस आपला आहे." हे उत्तर ऐकून काही मुलं आणखी एक दिवस मागतात, घरी आल्याचा. द्यावा. त्या दिवशी केक नको वाटला तर नको. संस्थेतला पहिला फोटो काढून बघणंही पुरतं.

पुढचे तीन महिने

मुलगी ऐकून "बरं, मी खाली खेळायला जाऊ?" म्हणेल. हे सर्वांत जास्त वेळा घडतं आणि आईबाबांचा जीव भांड्यात पडतो. ती विषय संपवत नाही, थोडा वेळ बाजूला ठेवते. प्रश्न मग अवेळी येतात: रिक्षात, लिफ्टमध्ये शेजारी उभे असताना, ठाण्याच्या गर्दीत लोकल पकडताना. तिथे उत्तर द्यायला जमत नसेल तर "चांगला प्रश्न आहे, घरी गेल्यावर लगेच बोलू" म्हणा आणि घरी गेल्यावर तिने आठवण करून द्यायच्या आधी तुम्ही विषय काढा. दोनदा टाळलंत की ती तिसऱ्यांदा विचारत नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप बिघडणं, आईला चिकटणं, लहान मुलासारखं बोलणं, जेवताना हट्ट, हे सगळं अपेक्षित आहे. भांडणात "तू माझी आई नाहीस" हेही येईल. तेव्हा दुखावून "मग जा तिच्याकडे" असं चुकूनही तोंडून जाऊ नये. "मी तुझी आई आहे आणि टीव्ही आता बंद होणार," एवढंच. ती तुमची पकड तपासून बघते आहे.

खटकायला हवं ते दुसरंच. सहा आठवडे उलटले आणि एकही प्रश्न नाही. अचानक फार शहाणी झाली: स्वतःहून भांडी उचलते, मार्कांसाठी घाबरते, काही मागत नाही. रोज सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखतं. खाऊ लपवून ठेवते, बॅग भरून ठेवते. अशी मुलगी घरात आपली जागा टिकवायला धडपडते आहे. तीन महिन्यांनंतरही हे चालू असेल, किंवा ती स्वतःला इजा करण्याबद्दल बोलली तर तीन महिने न थांबता त्याच दिवशी, बाल-मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. वेळ घेताना फोनवर विचारा, "दत्तक मुलांबरोबर काम केलंय का?" न केलेले काही डॉक्टर प्रत्येक अडचणीचं मूळ दत्तकात शोधतात, काही तो विषय काढतच नाहीत. दोन्हीचा उपयोग होत नाही. तुमच्या संस्थेच्या समाजसेविका योग्य नाव सुचवू शकतात. दत्तकानंतरच्या सहामाही भेटी दोन वर्षांत संपत असल्या तरी दार बंद होत नाही.

बाहेर कोणाला सांगायचं, ते आता तिच्याशी बोलून ठरवा. एक फरक तिला समजावा: ही लपवायची गोष्ट नाही, पण ती तुझी आहे. आपण अंघोळ करतो ते गुपित नसतं, तरी दार लावून घेतो, तसंच. खाली कोणी चिडवलं तर म्हणायला तिला एक वाक्य द्या: "हो, मी दत्तक आहे. मला माहीत आहे." चिडवणाऱ्याचा जोर तिला माहीत नसण्यावर असतो, तो तिथेच संपतो. शाळेत फक्त वर्गशिक्षिकेला सांगा, आणि तेही मुलीला विचारून. कुटुंबवृक्ष काढायचा असेल तर तिला मुळांच्या जागी एक कोरी फांदी ठेवायची मुभा असू द्या किंवा नेहमीसारखाच काढू द्या. तो निर्णय तिचा. सोसायटीच्या ग्रुपवर काहीही लिहू नका.

उरलेलं कधी सांगायचं

आठव्या वर्षी स्टेशन सांगितलं, कारण ते पक्कं आहे आणि आजूबाजूच्या कोणाला तरी माहीत आहे. रुग्णालयात आली तेव्हा अंग थंड पडलं होतं, जंतुसंसर्ग होता, हे बारा-तेराच्या सुमारास, जेव्हा ती स्वतः "मी कशी होते तेव्हा?" असं विचारेल. वर्तमानपत्रातली सूचना चौदाच्या आसपास, कात्रण हातात देऊन. त्या छोट्या चौकटीतल्या फोटोकडे मुलं फार वेळ बघत राहतात. तेव्हा शेजारी बसा, बोलू नका.

सोपवलेल्या मुलांच्या फाइलमध्ये कधी याहून जड गोष्ट असते: जन्म देणारी स्वतः अल्पवयीन होती, किंवा गर्भ अत्याचारातून राहिला होता. हे आठव्या वर्षी सांगायचं नाही. तिथे "तिला बाळ वाढवता येत नव्हतं, बाकीचं तू मोठी झालीस की आपण फाइल एकत्र वाचू" एवढं खरं आहे आणि पुढे मागेही घ्यावं लागत नाही. पण सोळा-सतरापर्यंत, समुपदेशकाच्या मदतीने, ते सांगून झालेलं हवं. पुढे थांबता येत नाही, याला कायद्यातलं कारण आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे काराकडे, स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. अठराच्या आत अर्ज दत्तक आईबाबांबरोबर मिळून करावा लागतो. जन्मदात्यांनी सोपवताना ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती विचारली जाते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत, तर मूल कोणत्या कारणाने आणि परिस्थितीत सोपवलं गेलं, ते अर्जदाराला सांगितलं जातं. नाव मिळेलच असं नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलीला तर मिळण्याची शक्यता फारच कमी, कारण नोंदीतच नाव नाही. हे तिला सोळाव्या वर्षीच स्पष्ट सांगून ठेवा. शोध तिऱ्हाइतामार्फत करता येत नाही. म्हणून "ओळखीचा एक माणूस काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका आणि समाजमाध्यमावर मुलीचा बाळपणीचा फोटो टाकून "ओळखता का?" असं विचारू नका. कायदा मुलाची आणि जन्मदात्यांचीही ओळख राखतो.

फाइल आता कपाटाच्या वरच्या खणातून खाली आणा. तिच्या दोन प्रती काढा: एक बँकेच्या लॉकरमधल्या मूळ कागदांजवळ, दुसरी घरात. घरच्या प्रतीतून तिच्या वयाला न पेलणारी पानं काढून पाकिटात बंद करा आणि पाकिटावर सरळ लिहा: "हे आपण तू बारा वर्षांची झाल्यावर वाचू." पाकीट आहे हे तिला दाखवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, सरकारी कचेरीत त्याचा त्रास होतो. उरलेल्या पानांची, पहिल्या फोटोची आणि दुपट्याची पेटी तिच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवा. तुम्ही घरी नसताना ती ती उघडेल, पुन्हा लावून ठेवेल. ते तुम्हाला कळलं तरी विचारू नका.